सातव्या दिवशी निकाल लावू नका

दाब देणाऱ्या यंत्राच्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये करडी वीट आडवी ठेवलेली आहे. तिच्या वर आणि खाली तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा एकेक तुकडा. लिव्हर फिरवल्यावर आकडा सरसर चढू लागतो. अर्ध्या मिनिटानंतर विटेच्या कडेचा एक पापुद्रा सुटतो, बाजूने उभी चीर उमटते, आकडा क्षणभर थबकतो आणि खाली यायला लागतो. भोवती उभी असलेली पोरं तो सर्वांत वरचा आकडा वहीत टिपतात. त्यांच्या चार महिन्यांच्या प्रोजेक्टचा निकाल त्या आकड्यावर लागायचा असतो.

विदर्भातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी मटेरिअल टेस्टिंगची प्रयोगशाळा सांभाळतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही औष्णिक वीज केंद्रं आमच्याच टापूतली, त्यामुळे राखेचा तुटवडा आम्हाला कधी भासला नाही. दरवर्षी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाचा एखादा तरी ग्रुप फ्लाय ॲश विटेचा विषय घेऊन येतो. विषय ठरलेला असतो: सिमेंट कमी-जास्त करायचं, राख कमी-जास्त करायची, पाणी मारण्याचे दिवस बदलायचे आणि विटेची ताकद कशी बदलते ते पाहायचं. ऐकायला सरळ वाटतं. पण या तीन गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत, की थोडी बेसावधगिरी झाली तरी मुलं मोजतात एक आणि लिहितात दुसरंच. सर्वांत मोठी चूक घाईची असते. सातव्या दिवशी विटा फोडून ‘राख वाढवली की ताकद घटते’ असं लिहून मोकळं होणं, ही ती चूक.

ती चूक का आहे, हे समजायला आधी ही वीट घट्ट कशी होते ते पाहावं लागेल.

राख चुन्याची वाट पाहते

लाल वीट भट्टीत भाजल्यावर घट्ट होते. राखेची वीट भट्टी पाहतच नाही. राख, दगडाची चुरी आणि थोडं सिमेंट एकत्र करून, जेमतेम ओलावून साच्यात दाबतात. पुढचं सगळं काम पाणी आणि वेळ करतात.

सिमेंटला पाणी लागलं की त्यातून दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे डिंकासारखा पदार्थ. तो कण एकमेकांना चिकटवतो आणि पुढे दगडासारखा होतो. दुसरा चुना. नुसत्या सिमेंटच्या कामात हा चुना ताकदीच्या बाबतीत जवळजवळ आळशीच पडून राहतो. राखेच्या विटेत मात्र त्याला गिऱ्हाईक मिळतं. दगडी कोळशाच्या राखेतले बारीक काचेसारखे गोळे सिलिका आणि ॲल्युमिनाने भरलेले असतात. ओल टिकून राहिली तर ते चुन्याशी संयोग पावतात आणि त्यातून पुन्हा तसाच चिकट पदार्थ तयार होतो. आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत स्वतःचा चुना फार थोडा असतो, म्हणून ती एकटी घट्ट होत नाही. तिला चुना बाहेरूनच मिळावा लागतो.

ही दुसरी क्रिया सावकाश चालते. सिमेंटचं स्वतःचं काम पहिल्या आठवड्यात बरंच पुढे गेलेलं असतं, तेव्हा राखेचं काम जेमतेम सुरू झालेलं असतं. ते अठ्ठाविसाव्या दिवसानंतरही चालू राहतं. म्हणजे सातव्या दिवशी आपण सिमेंटची परीक्षा घेतलेली असते. राखेचा पेपर अजून लिहूनच झालेला नसतो.

आणखी एक हिशेब इथेच करून ठेवला तर पुढचे निकाल चांगले उलगडतात. सिमेंट पूर्ण मुरलं तर त्याच्या वजनाच्या साधारण चौथ्या-पाचव्या भागाइतका चुना त्यातून सुटतो. शंभर किलो कोरड्या मिश्रणात दहा किलो सिमेंट असेल, तर चुना दोन-अडीच किलोच. समोर राख पंचावन्न किलो. एवढ्याशा चुन्याने सगळ्या राखेचं भागणं शक्य नाही. राखेचा थोडाच हिस्सा क्रियेत भाग घेतो. उरलेली राख बारीक भरणी म्हणून बसून राहते. राख वाढवत गेलं तरी ताकद का वाढत नाही, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. राखेत वेगळा चुना आणि जिप्सम घालून विटा करण्याची पद्धतही याच कारणाने रूढ झाली. आपण इथे बोलतो आहोत ते फक्त सिमेंटवाल्या विटेबद्दल.

शंभरातून काय कमी केलं?

ग्रुप माझ्याकडे मिश्रणांची यादी घेऊन आला की माझा पहिला प्रश्न असतो, ‘राख दहा टक्क्यांनी वाढवलीत, मग कमी काय केलंत?’

मिश्रण शंभराचं असतं. एक घटक वाढवला की दुसरा घटतोच. एका विटेत सिमेंट १० आणि राख ५०, दुसरीत सिमेंट ६ आणि राख ६०, अशी तुलना केली आणि दुसरी कमी पडली, तर दोष राखेचा की घटवलेल्या सिमेंटचा? त्या आकड्यांतून ते कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून दोन मालिका वेगळ्या कराव्या लागतात आणि दोन्हींत कमी-जास्त होणारा तिसरा घटक एकच ठेवावा लागतो. तो म्हणजे चुरी.

आम्ही वापरतो ती मांडणी सांगतो. मधलं एक मिश्रण ठरवायचं: सिमेंट १०, राख ५५, चुरी ३५, सगळं कोरड्या वजनाने. सिमेंटच्या मालिकेत राख ५५ वरच ठेवून सिमेंट ६, ८, १० आणि १२ टक्के करायचं. चुरी ३९ पासून ३३ पर्यंत खाली येते. राखेच्या मालिकेत सिमेंट १० वर ठेवून राख ४५, ५५ आणि ६५ करायची; चुरी ४५, ३५ आणि २५ होते. मधलं मिश्रण दोन्ही मालिकांत येत असल्यामुळे एकूण मिश्रणं फक्त सहा होतात. पाणी मारण्याची तिसरी मालिका त्याच मधल्या मिश्रणावर करायची. अशाने प्रत्येक मालिकेत ठरवून बदललेली गोष्ट एकच राहते. चुरी तिच्यासोबत बदलते, हे मात्र निष्कर्षात प्रामाणिकपणे लिहायचं.

प्रत्येक मिश्रणाच्या ७, २८ आणि ५६ दिवसांच्या चाचणीसाठी पाच-पाच विटा, पाणी शोषण्याच्या चाचणीसाठी तीन आणि फुटातुटीसाठी दोन, अशा वीस विटा लागतात. सहा मिश्रणांच्या १२०. पाण्याच्या मालिकेच्या वेगळ्या पंधरा धरल्या की १३५. चार जणांच्या ग्रुपला हे काम झेपतं.

सिमेंटचं पोतं आणतानाच एक खबरदारी घ्यावी लागते. आमच्या एका ग्रुपने सगळ्या विटा केल्या, फोडल्या, आलेख काढले आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी कोपऱ्यातलं रिकामं पोतं माझ्या नजरेस पडलं. त्यावर पीपीसी लिहिलेलं होतं. पीपीसीत कारखान्यातच राख मिसळलेली असते. मानकाप्रमाणे ती १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजे मुलांनी ‘१० टक्के सिमेंट’ म्हणून जे घातलं, त्यातही राख होतीच, आणि किती ते त्यांना ठाऊक नव्हतं. घर बांधायला पीपीसी उत्तम आहे. पण राखेचं प्रमाण हाच अभ्यासाचा विषय असेल, तर ओपीसीच घ्यायला हवं, आणि सगळ्या विटांसाठी एकाच दिवशी आणलेलं.

राखेचंही तसंच. वीज केंद्रातल्या हॉपरमधून मिळणारी कोरडी राख पिठासारखी बारीक असते. तळ्यात सोडलेली राख जाड आणि ओली असते, तिच्यात तळाची खरखरीत राखही मिसळलेली असते आणि ती क्रियेत कमी भाग घेते. अर्ध्या विटा एकीच्या आणि अर्ध्या दुसरीच्या केल्या, तर तुलना तिथेच संपली. राख नेहमीपेक्षा काळपट दिसली तर तिच्यात न जळलेला कोळसा जास्त असण्याची शक्यता असते. तो पाणी पिऊन बसतो. सिमेंटबरोबर वापरायच्या राखेसाठी आयएस ३८१२ या मानकात भाजल्यावर होणाऱ्या घटीची मर्यादा ५ टक्के ठेवली आहे, ती या कोळशासाठीच.

काट्यावर आणि मुठीत

आता मधल्या मिश्रणाची एक घाणी प्रत्यक्ष करून पाहू. वीट २३० × १०० × ७५ मिलिमीटरची, म्हणजे आपली नऊ, चार, तीन इंचांची. एका विटेला कोरडा माल साधारण तीन किलो लागतो. वीस विटांचे ६० किलो आणि सांडलवंडीचे ६, असे ६६ किलो धरू. त्यात सिमेंट ६.६ किलो, राख ३६.३ किलो आणि चुरी २३.१ किलो. घमेल्याने मोजायचं नाही. हलकी राख आणि जड चुरी यांचं घमेलं सारखं भरलं तरी वजन सारखं भरत नाही. प्रत्येक घटक काट्यावर घ्यायचा.

समजा राख तळ्यातली आहे आणि तिच्यात कोरड्या वजनाच्या १५ टक्के ओल आहे. मग ३६.३ किलो कोरडी राख हवी असेल तर ओली राख ४१.७ किलो घ्यावी लागेल. त्यात ५.४ किलो पाणी आधीच आलं. मिश्रणाला एकूण ११ टक्के, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास पाणी लागणार असेल, तर बादलीतून घालायचं पाणी दोन किलोही नाही. हा हिशेब न करता ओली राख ३६.३ किलोच घेतली, तर राख पावणेपाच किलोने कमी भरते आणि वर ठरलेलं सगळं पाणी ओतलं की गारा होतो. मुलांच्या वहीत मात्र ५५ टक्केच लिहिलेलं राहतं. म्हणून घाणी करण्याआधी मूठभर राख ओव्हनमध्ये वाळवून तिची ओल काढणं हे पहिलं काम.

पाणी किती घालायचं, हा या प्रयोगातला खरा अवघड निर्णय आहे. राख बारीक असल्यामुळे तिचे कण ओले व्हायला जास्त पाणी लागतं. सगळ्या मिश्रणांत पाणी सारखंच ठेवलं, तर ६५ टक्के राखेचं मिश्रण कोरडं पडतं, साच्यात नीट दबत नाही आणि वीट पोकळ होते. मग ताकद घटते ती नीट न दबल्यामुळे. त्यापेक्षा मिश्रणाचा ओलेपणा सारखा ठेवावा आणि त्यासाठी लागलेलं पाणी प्रत्येक वेळी मोजून लिहावं. विटांच्या कारखान्यातला अनुभवी कामगार हे मुठीने ठरवतो. मिश्रण मुठीत घट्ट दाबायचं. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये, आणि गोळा मोडला तर दोन-तीन ढेकळांत मोडला पाहिजे, भुगा व्हायला नको. पाणी कमी असेल तर साच्यातून काढताना विटेला आडव्या बारीक चिरा दिसतात. जास्त असेल तर वीट साच्याला चिकटते आणि तिच्या कडा खाली बसतात.

मग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी करायची: प्रत्येक विटेला नंबर घालून तिचं वजन करायचं. एकाच मिश्रणाच्या वीस विटांमध्ये कुणी २ किलो ९०० ग्रॅम आणि कुणी ३ किलो २०० ग्रॅम भरत असेल, तर साच्यात माल सारखा भरला गेलेला नाही. पुढे त्यांच्या ताकदीतला फरक मिश्रणाचा नसून हाताचा असेल. ताकदीचा आलेख काढायच्या आधी मी मुलांना वजनाचा आलेख काढायला लावतो. दोन्ही आलेख एकसारखे चढ-उतार दाखवू लागले, की आपण काय मोजलं ते लक्षात येतं.

पाण्याचे दिवस वेगळे, वय वेगळं

तिसरी मालिका पाण्याची. इथे बहुतेक ग्रुप असं करतात: सात दिवस पाण्यात ठेवलेली वीट सातव्या दिवशी फोडायची, चौदा दिवसांची चौदाव्या दिवशी, अठ्ठावीस दिवसांची अठ्ठाविसाव्या दिवशी. आकडे वाढत जातात आणि ‘पाणी जास्त दिवस मारलं की ताकद वाढते’ असा निष्कर्ष निघतो. निष्कर्ष खरा असला तरी या प्रयोगाने तो सिद्ध होत नाही. कारण पाण्याच्या दिवसांबरोबर विटेचं वयही वाढलेलं असतं. वाढलेली ताकद कशामुळे, वयामुळे की पाण्यामुळे?

हे वेगळं काढायचा उपाय सोपा आहे. सगळ्या विटा एकाच दिवशी पाडायच्या आणि एकाच वयाला, अठ्ठाविसाव्या दिवशी, फोडायच्या. मधल्या काळात पाच विटांना ३ दिवस पाणी द्यायचं, पाचांना ७, पाचांना १४, आणि उरलेल्या पाच अखेरपर्यंत ओल्या ठेवायच्या. ताज्या विटा एक दिवस सावलीत झाकून ठेवायच्या, मग पाणी सुरू करायचं. कोवळ्या विटेवर धार मारली तर कडा धुऊन जातात. पाणी थांबवलेल्या विटा सावलीत रचून ठेवायच्या. आता ताकदीत जो फरक दिसेल तो पाण्याच्या दिवसांचा.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात चांगली मुलंही अडकतात. कोरडी वीट ओल्या विटेपेक्षा जास्त दाब घेते. तीनच दिवस पाणी मिळालेली वीट अठ्ठाविसाव्या दिवशी खडखडीत वाळलेली असते, आणि टाक्यातून काढलेली वीट पाण्याने भरलेली. दोन्ही तशाच यंत्रात ठेवल्या तर कमी पाणी मिळालेली वीटच सरस ठरू शकते. विटांच्या चाचणीचं मानक, आयएस ३४९५, म्हणूनच सांगतं, की फोडण्यापूर्वी वीट चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी. सत्ताविसाव्या दिवशी सगळ्याच विटा टाक्यात जायला हव्यात.

आमच्याकडे मार्चपासून ऊन तापतं आणि हवा कोरडी होते. दिवसातून दोनदा पाइपने पाणी मारून विटा ओल्या राहत नाहीत. दुपारी त्या पांढुरक्या पडतात. तितका वेळ आतली क्रियाही थांबते. ओलं गोणपाट, त्यावर प्लास्टिक, एवढी व्यवस्था केली तर हीच उष्णता मदतीला येते, कारण ओल टिकली तर राख आणि चुन्याची क्रिया उन्हाळ्यात वेगाने होते. म्हणजे नुसता ‘७ दिवस पाणी’ हा आकडा अपुरा आहे. टाक्यात बुडवून की गोणपाटाखाली, कोणत्या महिन्यात, हेही वहीत लिहायला हवं.

पाच विटा, एक आकडा

फोडण्याच्या दिवशीही दोन गोष्टी आकडा बिघडवतात. एक, दाब वाढवण्याचा वेग. मानकात तो मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे. आपल्या विटेचं क्षेत्रफळ २३० गुणिले १००, म्हणजे २३,००० चौरस मिलिमीटर. तेव्हा भार मिनिटाला ३२२ किलोन्यूटनने, सेकंदाला सुमारे साडेपाच किलोन्यूटनने वाढला पाहिजे. ८ च्या ताकदीची वीट या वेगाने साधारण ३४ सेकंदांत फुटते. झटका देऊन दहा सेकंदांत फोडली तर आकडा फुगतो. दुसरी गोष्ट यंत्राची. काँक्रीटच्या ठोकळ्यांसाठीच्या २००० किलोन्यूटनच्या यंत्रावर विटेचे १८० किलोन्यूटन म्हणजे मापाचं पहिलं टोक. यंत्राला कमी क्षमतेची पट्टी असेल तर ती निवडावी.

विटेवर खोबण असेल तर ती सिमेंटच्या मसाल्याने भरून, मसाला मुरल्यावरच चाचणी करायची. आणि आपल्या ७५ मिलिमीटर उंचीच्या विटेची तुलना कुणाच्या ९० मिलिमीटर उंचीच्या विटेशी करायची नाही. यंत्राच्या पाट्या विटेचा वरचा-खालचा भाग आवळून धरतात, त्यामुळे बुटकी वीट आहे त्यापेक्षा ताकदवान भासते.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. पाच विटा अनुक्रमे १९६, १८४, २०७, १६१ आणि १८९ किलोन्यूटनला फुटल्या. प्रत्येक भाराला २३,००० ने भागलं की ताकद येते ८.५२, ८.००, ९.००, ७.०० आणि ८.२२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सरासरी ८.१५. ही वीट ७.५ च्या वर्गात बसते का? सरासरी ७.५ च्या वर आहे. शिवाय एकही वीट त्या आकड्याच्या वीस टक्क्यांहून जास्त खाली, म्हणजे ६ च्या खाली, जाता कामा नये. सर्वांत कमकुवत वीट ७ ची आहे. वीट पास.

पण तुलना करणाऱ्याचं काम इथे संपत नाही. समजा दुसऱ्या मिश्रणाची सरासरी ८.६ आली. मुलं लगेच लिहितात, ‘दुसरं मिश्रण सरस.’ फरक आहे ०.४५ चा, आणि पहिल्या मिश्रणाच्या स्वतःच्याच पाच विटा ७ पासून ९ पर्यंत पसरलेल्या आहेत. घरातल्या घरात दोनचं अंतर असताना शेजारच्या घराशी असलेल्या अर्ध्याच्या फरकावर निकाल देता येत नाही. आलेखावर सरासरीच्या ठिपक्याबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वीट दाखवणारी उभी रेघ काढा, असं मी सांगतो. दोन रेघा बऱ्याचशा एकमेकींसमोर आल्या, तर ‘फरक आढळला नाही’ असं लिहावं. तोही निष्कर्षच असतो.

जी वीट फारच खाली गेली तिचे तुकडे टाकून न देता उचलून पाहावेत. तुटलेल्या भागात राखेच्या कोरड्या गाठी दिसल्या तर कोरडं मिश्रण नीट कालवलं गेलं नव्हतं. कडा बोटाने चोळून भुगा होत असेल आणि गाभा घट्ट असेल, तर वीट बाहेरून लवकर वाळली, पाणी कमी पडलं.

निकाल कसा वाचायचा

सगळ्या विटा फोडून झाल्यावर चित्र साधारण असं दिसतं. सिमेंटची मालिका सरळ वागते. सिमेंट वाढलं की प्रत्येक वयाला ताकद वाढते. तिथे प्रश्न किमतीचा असतो. विटेत तीन किलो माल धरला, तर २ टक्के सिमेंट म्हणजे विटेमागे ६० ग्रॅम, हजार विटांमागे ६० किलो, एका पोत्याहून जास्त. ८ टक्क्यांत हवा तो वर्ग मिळत असेल तर १२ टक्क्यांची वीट विक्रमी ठरेल, पण शहाणपणाची ठरणार नाही.

राखेची मालिका वाकडी चालते. राख फार कमी असेल तर चुरीच्या कणांमधल्या फटी भरत नाहीत. योग्य तेवढी असली की त्या भरतात आणि वीट दाट होते. त्याहून वाढली की चुरीचे कण एकमेकांपासून दूर सरतात, पाणी जास्त लागतं, वजन घटतं आणि मोजक्या चुन्याला इतकी राख पुरी करता येत नाही. म्हणून आलेखाला मध्ये कुठेतरी शिखर असतं. ते कुठे येईल हे राखेच्या बारीकपणावर आणि चुरीवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्या गावच्या प्रोजेक्टमधला ‘योग्य आकडा’ उचलून आपल्या विटेला लावता येत नाही.

आणि हे शिखर वयाबरोबर हलू शकतं. सातव्या दिवशी सगळ्या मिश्रणांना सिमेंटच सांभाळत असतं. सिमेंट सगळीकडे १० टक्के असल्यामुळे, ज्या विटेत कण दाट बसले तीच पुढे दिसते, आणि जास्त राखेची वीट मागे राहते. अठ्ठाविसाव्या दिवशी हे अंतर कमी झालेलं दिसू शकतं, छप्पन्नाव्या दिवशी आणखी कमी. काही राखांच्या बाबतीत क्रमच बदलतो. काहींच्या बाबतीत चुना संपून जातो आणि मागची वीट मागेच राहते. आपल्या राखेचं यातलं काय होतं, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते छप्पन्नाव्या दिवशी आपल्याच विटा सांगतात.

म्हणून शेवटी कॅलेंडरकडे यावं लागतं. सबमिशन एप्रिलमध्ये असतं आणि विटा मार्चमध्ये पाडल्या जातात. मग सातव्या आणि चौदाव्या दिवसाशिवाय हाती काही लागत नाही. विटा १५ जानेवारीला पाडल्या, तर अठ्ठाविसावा दिवस १२ फेब्रुवारीला येतो आणि छप्पन्नावा १२ मार्चला. त्यानंतरही लिहायला महिना उरतो. आता ग्रुप विषय घेऊन आला की मी मिश्रणाची यादी नंतर पाहतो. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हाताने या तीन तारखांवर गोल करून घेतो.